तिच्याबद्दल तुला काय कळलं?

*ताई, माझं वय २९. ॲपवर एका मुलीशी ओळख झाली. तीन आठवडे रोज रात्री चॅटिंग चालायचं, मस्त जमलं होतं. मग प्रत्यक्ष भेटलो आणि सगळा विचका झाला. काय काय विचारायचं याची यादी पाठ करून गेलो होतो, ती एकामागून एक विचारत सुटलो. ती म्हणाली, नुकतीच पोहायला शिकलेय. आणि मी काय विचारावं, तर 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?' मग शांतता सहन होईना म्हणून ऑफिसातल्या एका भांडणाबद्दल वीस मिनिटं बोलत बसलो. हात थरथरत होते, त्यात पाण्याचा ग्लास कलंडला, तिच्या पर्सवर पाणी. तिनं दोनदा मोबाइल बघितला. तासाभरात 'निघू या?' म्हणाली. रात्री मेसेज आला : 'भेटून छान वाटलं, पण आपलं जुळेल असं मला वाटत नाही. तुला शुभेच्छा.'*

*याला बारा दिवस झाले. रोज झोपताना सगळं पहिल्यापासून आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. ॲप काढून टाकलंय. मित्र म्हणतात, विसरून जा. पण काय चुकलं ते कळल्याशिवाय सुधारणार कसा? म्हणून तर सारखा विचार करतो. की मुळात माझ्यातच काही कमी आहे?*

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि एक उद्योग केला. जिथं जिथं तिच्याबद्दल काही कळतं, तिथं रेघ मारली. एकच रेघ पडली : ती नुकतीच पोहायला शिकली आहे. बाकी ती पत्रात येते ती परीक्षक म्हणून. मोबाइल बघणारी, निघू या म्हणणारी, रात्री निकाल कळवणारी. तीन आठवडे जिच्याशी बोललास ती हसते कशी, चिडते कशावर, त्या दिवशी थकलेली होती की उत्साहात, यातलं काही तुझ्या पत्रात नाही.

हा टोमणा नाही, बरं का. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, आणि त्याला कारण आहे. तू विचारतोयस ना काय चुकलं? माझ्या मते उत्तर त्या एका रेघेत आहे. त्या तासात तुझं लक्ष समोर नव्हतं, स्वतःवर होतं. आणि गेल्या बारा रात्री तू जे करतो आहेस तेही तेच आहे. अजूनही टेबलापाशी बसून तू स्वतःकडेच बघतो आहेस.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये, माणसांत वावरताना वाटणाऱ्या भीतीची एक मांडणी केली. तिच्यावर आधारलेली उपचारपद्धत आजही वापरतात. त्यांचं म्हणणं साधारण असं. लोक आपल्याला तोलताहेत असं वाटलं की लक्ष बाहेरून आत वळतं. आत काय सापडतं? धडधड, कोरडी जीभ, थरथरणारे हात. मग माणूस या आतल्या खुणांवरूनच आपण बाहेरून कसे दिसतोय याचं चित्र रंगवतो, आणि ते चित्र म्हणजेच समोरच्याला दिसणारा आपण असं धरून चालतो. त्यात भर म्हणून काही कुबड्या घेतो. वाक्यं आधीच जुळवून ठेवायची, हात लपवायचे, शांतता पडूच द्यायची नाही. आणि प्रसंग संपला की सुरू होतं पोस्टमॉर्टेम. पण त्यासाठी टेबलावर असतं तेच आत रंगवलेलं चित्र. घडलेली गोष्ट त्यात थोडी, वाटलेली जास्त. म्हणून तर दर फेरीला आठवण अधिक काळी होत जाते.

तेव्हा तुझ्या मित्रांचं 'विसरून जा' मला पटत नाही, आणि तुझं 'म्हणून तर विचार करतो' हेही अर्धंच पटतं. चूक समजून घ्यायलाच हवी. पण रात्री अंथरुणात पडून जे चालतं त्याला समजून घेणं म्हणता येणार नाही. फरक ओळखायची एक साधी खूण सांगते. उद्या रात्री हा सिनेमा सुरू झाला की स्वतःला विचार : आज काही नवीन आठवलं का? एखादा तपशील, तिचं एखादं वाक्य, तिच्या चेहऱ्यावरचं काही? की फक्त एक नवं विशेषण मिळालं? कालपर्यंत 'बावळट', आज 'कंटाळवाणा', उद्या 'नालायक'. तपशील वाढत असतील तर तो विचार. विशेषणंच वाढत असतील तर ती शिक्षा, आणि शिक्षेतून कुणी पोहायला शिकत नाही.

माझंच सांगते. सव्वीसाव्या वर्षी मी एका मुलाला पहिल्यांदा भेटले आणि त्या भेटीत त्याचं व्याकरण तीनदा सुधारलं. तिसऱ्यांदा तो थांबला, म्हणाला, 'बरं, तुम्हीच बोला.' त्यानंतर दीड वर्ष मी कुणालाच भेटले नाही, कारण मी निष्कर्ष काढला होता की मी खडूस आहे. आता खडूस असण्यावर इलाज काय? काहीच नाही. म्हणून घरी बसले. पुष्कळ उशिरा डोक्यात प्रकाश पडला, की त्या दिवसाचा खरा धडा एवढाच होता : समोरचा बोलत असताना टोकू नकोस. हे दुसऱ्या दिवसापासून करता आलं असतं. व्याकरणाची खोड असल्यामुळे मी ते तेव्हापासून असं लक्षात ठेवते, की धडा क्रियापदात असतो, शिक्का विशेषणात. 'माझ्यातच काही कमी आहे' हा शिक्का आहे. त्यातून पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आता तू दिलेले तपशील एकेक घेऊ. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, आणि तू मात्र सगळ्यांना एकाच तराजूत घातलंयस.

सगळ्यात मोलाचा तपशील पोहण्याचा. प्रश्न विचारलेस ही चूक नव्हे. हार्वर्डमधल्या कॅरन हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांची संभाषणं तपासली होती, त्यात झटपट ओळखीच्या कार्यक्रमात भेटलेली माणसंही होती. जास्त प्रश्न विचारणारे समोरच्याला जास्त आवडले. पण त्यातही खरं काम एकाच प्रकारच्या प्रश्नांनी केलं होतं : समोरच्यानं आत्ता जे सांगितलं त्याचाच धागा पकडून विचारलेल्या. असे प्रश्न अधिक विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी अधिक होकार मिळाले.

हा धागा पकडणारा प्रश्न घरून पाठ करून नेता येत नाही. तो तिच्या उत्तरातून जन्मतो. तू यादी नेलीस ती आधार म्हणून, आणि त्या आधारानंच तुला पाडलं. ती बोलत असताना तुझ्या डोक्यात काय चाललं असेल ते मी सांगू शकते : आता चौथा प्रश्न, तो कुठला होता बरं? कान उघडे, पण ऐकणारा घरात नाही. ती म्हणाली, पोहायला शिकले. आता हे वाक्य जरा हातात घेऊन बघ. मोठेपणी पोहायला शिकणं म्हणजे काय असतं? लहान मुलं पाण्यात शिरतात त्यात विशेष काही नसतं. मोठ्या माणसाला भीती आवरावी लागते, शिकवणाऱ्यासमोर वेडंवाकडं दिसावं लागतं, कधीतरी काठावरचा हात सोडावा लागतो. कुणी हे आपणहून सांगतं तेव्हा त्यात थोडा अभिमान असतो आणि 'विचार ना' अशी हाकही असते. 'आत्ताच शिकावंसं का वाटलं?' 'पहिल्यांदा काठ सोडलास तेव्हा काय झालं?' एवढं विचारलं असतंस तर पुढची दहा मिनिटं तीच बोलली असती, आणि तुझ्या हातांकडे बघायला तुलाच वेळ मिळाला नसता.

तेव्हा हा धडा पक्का, आणि क्रियापदात आहे : उत्तर ऐकायचं आणि त्यातलाच एक शब्द उचलून पुढे विचारायचं.

इथं एक सावधगिरीही सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या वेळी तू वकिलासारखा उलटतपासणी करशील. धागा पकडायचा म्हणजे प्रश्नांचीच झड लावायची नाही. दोन प्रश्नांनंतर स्वतःचंही काही ठेवायचं. 'मला अजून पाण्यात डोकं घालायची भीती वाटते' हे वाक्य तिसऱ्या प्रश्नापेक्षा चांगलं. त्या वाक्यानं ती तुला ओळखायला लागते.

दुसरा खरा धडा भांडणाचा. विषय चुकला असं तुला वाटत असेल, मला तसं वाटत नाही. ऑफिसातलं भांडण मजेदारही सांगता येतं. खटकतात ती वीस मिनिटं. आणि खरी गोष्ट अशी, की अशा भांडणात ऐकणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे कामच उरत नाही. तो साहेब तिला माहीत नाही, तो सहकारी माहीत नाही, बाजू कुणाची घ्यायची हे तू आधीच ठरवून दिलेलं. तू बोलत सुटलास ते शांततेला घाबरून. ती शांतता तुला विहिरीसारखी वाटली, कारण तू तिचा अर्थ 'मी नापास' असा लावलास. तिच्या बाजूनं ती कदाचित पर्स पुसण्याची शांतता असेल. पुढच्या वेळी एक करून बघ : आपली गोष्ट मिनिट-दोन मिनिटांत आटप आणि चेंडू तिच्या कोर्टात टाक, 'तुझ्याकडे असं कुणी आहे?' एवढं म्हणून. आणि शांतता पडली तर एक श्वास पडू दे. दोघांपैकी कुणीतरी बोलतंच, दर वेळी तूच बोलायला हवं असं नाही.

झालं. धडे एवढे दोनच. बाकीच्या तपशिलांतून काही शिकण्यासारखं नाही, आणि हे कळणंही तितकंच कामाचं आहे.

पाणी सांडलं. ग्लास सगळ्यांच्या हातून कलंडतात. इथं एकच गोष्ट तपासण्यासारखी आहे, ती म्हणजे पुढच्या अर्ध्या मिनिटात तू काय केलंस. पटकन रुमाल दिलास, 'अरेरे, सॉरी, आत काही भिजलं का?' म्हणालास, तर विषय संपला. की पाच वेळा माफी मागितलीस आणि शेवटी तिलाच तुझी समजूत घालावी लागली? तू लिहिलेलं नाहीस, तुला ठाऊक असेल. दुसरं झालं असेल तर तिसरा धडा म्हणून लिही : एकदा सॉरी म्हणायचं, पुसायचं, पुढे जायचं.

हात थरथरत होते. हे तुला ठाऊक आहे कारण हात तुझे आहेत. आतली घालमेल बाहेरच्याला आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना भाषण करायला लावून हे तपासलं. त्यातल्या काहींना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं, की तुमची घबराट लोकांना तुम्हाला वाटते तितकी दिसत नसते. ज्यांना हे सांगितलं त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली, आणि हे त्यांचं त्यांनाच वाटलं असं नाही. ऐकणाऱ्यांचंही मत तेच पडलं. मला या प्रयोगातलं आवडतं ते हे, की कुणाची थरथर थांबवायचा खटाटोप केला नाही. ती किती दिसते याचा हिशेब फक्त दुरुस्त केला. अर्थात ग्लास कलंडला म्हणजे तुझी थरथर थोडीफार दिसलीच असेल, हे मान्य. मग पुढच्या वेळी लपवू नकोस. 'पहिल्यांदा भेटताना मला जरा धडधडतंच' एवढं हसून म्हटलंस की हात लपवायचं काम संपतं. तेवढं लक्ष समोरच्यासाठी मोकळं होतं.

मोबाइल दोनदा बघितला. का बघितला, हे तुला माहीत नाही. मलाही नाही. कंटाळून बघितला असेल, घरून कुणाचा निरोप यायचा असेल, वेळ बघितली असेल. हा तपशील 'कळायला मार्ग नाही' या कप्प्यात टाकायचा आणि कप्पा बंद करायचा. तुझ्या डोक्यानं या रिकाम्या जागेत स्वतःविरुद्धचं उत्तर भरलंय. पुरावा म्हणून ते धरायचं नाही.

राहिला मेसेज. खरं सांगू? मला तो मेसेज आवडला. त्याच रात्री, स्पष्ट आणि सभ्य. उत्तरच न देता गायब होणाऱ्यांबद्दलची पत्रं या सदराकडे पोत्यानं येतात. त्या मुलीनं तुझा मान ठेवला. तू अजून उत्तर दिलं नसशील तर बारा दिवसांनी आता देऊ नकोस. आणि 'माझं काय चुकलं ते सांगशील का?' असं तर मुळीच विचारू नकोस. एकदाच तासभर भेटलेल्या माणसावर तुझ्या सुधारणेची जबाबदारी टाकणं बरं नाही. आणि ती सांगेल तरी काय? समंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. झटपट भेटींना येणाऱ्या लोकांनी त्याआधी स्वभाव, आवडीनिवडी, जोडीदाराकडून अपेक्षा अशी शंभराहून अधिक गोष्टींची माहिती भरून दिली होती. ती सगळी संगणकाला पुरवली. कोण एकूण लोकांना जास्त आवडेल आणि कुणाला एकूण लोक जास्त आवडतील, याचा थोडाफार अंदाज त्याला बांधता आला. पण अमुक एकाला तमुक एकच का आवडेल, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. दोन माणसांमध्ये जे जुळतं किंवा जुळत नाही ते भेटल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावरही त्याचं कारण हाती लागेलच असं नाही. तू यादी नेली नसतीस, पाणी सांडलं नसतं, तरी तो मेसेज आला असता, असंही होऊ शकतं. भेट वाईट झाली हे एक, आणि तिनं नाही म्हटलं हे दुसरं. ही दोन वाक्यं तू 'म्हणून'नं जोडलीयस. तो 'म्हणून' तुझा आहे, तिनं लिहिलेला नाही.

आता हे सगळं कागदावर उतरव. डोक्यात नको, कागदावरच, आणि दिवसाउजेडी. अर्धा तास काढ. तीन रकाने आख. पहिल्यात 'कॅमेऱ्याला दिसलं असतं ते', दुसऱ्यात 'मला आत वाटलं ते', तिसऱ्यात 'पुढच्या वेळी काय करीन'. पहिला रकाना भरताना तुझी चिडचिड होईल, कारण 'ती वैतागली' असं लिहिता येणार नाही. 'तिनं मोबाइल बघितला' एवढंच येईल. 'मी मूर्खासारखा बोललो' कॅमेऱ्याला दिसत नाही. 'मी वीस मिनिटं बोललो' दिसतं. तिसरा रकाना बराचसा रिकामा राहील, त्यात दोन किंवा तीन ओळी. राहू दे. प्रत्येक ओळीसमोर काहीतरी भरायलाच हवं असा हट्ट धरू नकोस.

आणि पहिल्या रकान्यात आणखी एक गोष्ट लिहायची, जी तू पत्रात लिहिली नाहीस. काय बरं झालं? तू वेळेवर गेलास का? तीन आठवडे कुणाला तुझ्याशी रोज बोलावंसं वाटलं, हे घडलंच ना? 'निघू या' म्हटल्यावर तू अडवून धरलं नाहीस, नकारानंतर तिला छळलं नाहीस. हे मी तुझी पाठ थोपटायला म्हणत नाही. हिशेबात जमेची बाजू लिहिलीच नाही तर तो हिशेब खोटा ठरतो, एवढंच.

तुला वाटत असेल, एवढं सौम्य वागलो तर मी सुधारणार कसा. हा समज फार जणांचा असतो. जुलिआना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला केलेले प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना अवघड परीक्षा दिली, तिच्यात ते घसरले. काहींना सांगितलं, परीक्षा कठीणच होती, स्वतःवर फार कठोर होऊ नका. काहींना 'तुम्ही हुशारच आहात' असं सांगितलं, आणि काहींना काहीच नाही. पुढच्या परीक्षेच्या तयारीला सर्वांत जास्त वेळ दिला तो पहिल्या गटानं. मला हे पटतं. ज्याला चूक कबूल केल्यावर फटके बसणार नाहीत, तोच चूक नीट बघू शकतो. 'तू तर भारीच आहेस' हे ऐकूनही भागत नाही, कारण त्यानं चुकीकडे बघायची गरजच उरत नाही.

रात्रीचं काय करायचं? सिनेमा लागणारच, बारा दिवसांची सवय आहे. तो ढकलून लावायला जाऊ नकोस. विचार न करण्याचा प्रयत्न हाही शेवटी विचारच. मनात एवढंच म्हण : 'हे कागदावर आहे.' खरंच नवीन काही आठवलं तर दिवा लावून एका ओळीत लिही आणि वही मीट. नाहीतर कान बाहेर लाव. पंख्याचा आवाज, लांबून जाणारी गाडी, भिंतीपलीकडचं बोलणं. हसू नकोस. लक्ष आतून बाहेर वळवण्याची ही तालीमच आहे, आणि तीच तुला पुढच्या भेटीत लागणार आहे.

ॲप काढलंस ते ठीक. पण विश्रांती आणि पळ यांत फरक करायचा असेल तर विश्रांतीला शेवटची तारीख असते. आजपासून तीन आठवडे घे, कॅलेंडरवर खूण कर. 'आत्मविश्वास आला की परत सुरू करीन' असं ठरवलंस तर तो यायचा नाही. माझ्यासारखी दीड वर्षं जातील. आत्मविश्वास भेटीनंतर येतो, थोडा थोडा; भेटीआधी तो आपली वाट बघत बसलेला नसतो.

या तीन आठवड्यांत एक सराव कर. रोज एका माणसाशी, ज्याच्याशी जुळवायचं वगैरे काही नाही अशा कुणाशीही, बोलताना त्याच्या उत्तराचा धागा दोनदा पकडायचा. सहकारी, शेजारी, मावसबहीण, कुणीही. आणि बोलण्याआधी मनात नव्हे, कागदावर एक भाकीत लिहायचं : 'तिला कंटाळा येईल, ती मिनिटभरात निघून जाईल.' नंतर त्याखाली खरं काय झालं ते लिहायचं. कधी कधी भाकीत खरंही ठरेल, माणसं घाईत असतात. पण दहा-बारा ओळी झाल्या की तुझ्या भाकितांवर किती विश्वास ठेवायचा ते तुझ्याच अक्षरात तुझ्यासमोर असेल.

मग पुढची भेट. या वेळी तीन आठवडे चॅटिंग करत बसू नकोस. लिहिताना उत्तराला दहा मिनिटं मिळतात, खोडता येतं. त्या तीन आठवड्यांत तुमच्या दोघांच्या मनात एक-एक माणूस तयार झाला आणि टेबलापाशी बसली ती भलतीच दोघं. चार-सहा दिवस बोलून, सुरक्षित वाटलं तर, चारचौघांत, पाऊण तासासाठी भेट. मला अमुक वाजता निघायचंय, हे आधीच सांग, म्हणजे 'निघू या'चा निकाल होत नाही. यादी नेऊ नकोस. नेल्याशिवाय चैन पडणार नसेल तर एकच प्रश्न ने, सुरुवात करायला. आणि तिसऱ्या रकान्यातली एकच ओळ निवड, सगळ्या नाही. एका भेटीत दोन गोष्टी सुधारायला गेलास तर पुन्हा स्वतःवरच नजर ठेवून बसशील.

असंच पत्र लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. भेट वाईट झाली ती समोरच्यानं अपमान केला म्हणून, नको तिथं हात लावला म्हणून, जायला निघाल्यावर अडवलं म्हणून असेल, तर वरचा तीन रकान्यांचा कागद तुमच्यासाठी नाही. तिथं स्वतःची चूक शोधत बसायचं नाही. विश्वासाच्या माणसाला सांगायचं, गरज पडली तर तक्रार करायची. आणि ज्यांना ही धडधड फक्त अशा भेटींत नाही, तर मीटिंगमध्ये, फोनवर, चारचौघांत बोलताना, सहा-सहा महिने छळते आहे आणि त्यापायी कामं, माणसं टाळली जाताहेत, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. क्लार्क-वेल्स मांडणीवरचे उपचार नेमके यासाठीच असतात. त्यात माणसाला स्वतःच्या संभाषणाचं चित्रीकरणही दाखवतात. आधी त्याला विचारतात, तुला काय दिसेल असं वाटतं? मग सांगतात, आता तिऱ्हाइतासारखं बघ. पुष्कळांना पडद्यावरचा माणूस बराच बरा वाटतो.

तुझं तसं आहे असं तुझ्या पत्रावरून मला वाटत नाही. बारा दिवस ही काही फार मोठी मुदत नव्हे.

पुढच्या भेटीनंतर मला जरूर लिही. मेसेज आला का, काय आला, हे नाही कळवलंस तरी चालेल. तिनं सांगितलेल्या तीन गोष्टी लिही. मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
ताई